‘लामा’वर सही केली, आता क्लेमचं काय?

पत्र

माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. सोमवारी रात्री ११ वाजता छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. आयसीसीयूत ठेवलं, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. तीन ब्लॉक निघाले. डॉक्टर म्हणाले, लगेच स्टेंट टाकू. आम्हाला पुण्यात दाखवायचं होतं, पण ‘दोन दिवस हलवू नका’ असं ते म्हणत होते. शेवटी बुधवारी संध्याकाळी ७ वाजता आम्ही ‘लामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला नेत असल्याच्या, फॉर्मवर सही करून त्यांना पुण्याला आणलं. कॅशलेसची ६० हजारांची मंजुरी आधी आली होती, ती टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेने, रद्द केली. २५ हजार डिपॉझिट धरून पूर्ण बिल, १,१२,४००, आम्हीच भरलं. इन्शुरन्स डेस्कवरची मुलगी म्हणाली, ‘लामा घेतला म्हणजे क्लेम गेला.’ पुण्यातल्या डॉक्टरांनी बायपास सांगितली आहे, पुढच्या बुधवारी. पॅकेज ३,६०,००० चं आहे आणि पॉलिसी ५ लाखांची. तिथेही कॅशलेस मागितली, तर टीपीए म्हणते आधीच्या हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी द्या. आम्ही सही करून चूक केली का? पहिले पैसे बुडाले का? आणि बायपासची कॅशलेसही अडकेल का?

– एक वाचक, सातारा

उत्तर

पहिले पैसे बुडालेले नाहीत आणि बायपासची कॅशलेस या एका शिक्क्यामुळे अडकू नये. पण या आठवड्यात तुम्ही कागद कसे हाताळता यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं एका टीपीएत क्लेम तपासायचं काम केलं आहे. तुम्हाला आलेला ‘कॅशलेस रद्द’चा मेसेज मीही कित्येकांना पाठवला आहे, त्यामुळे तो पलीकडच्या टेबलावरून कसा दिसतो ते ठाऊक आहे.

आधी त्या डेस्कवरच्या मुलीबद्दल. ती खोटं बोलली नाही, तिने दोन गोष्टी एकत्र केल्या. तिच्या दृष्टीने ‘क्लेम’ म्हणजे कॅशलेस, कारण तिच्या खिडकीतून तेवढंच जातं. कॅशलेस गेली, हे खरं. पण कॅशलेस ही पैसे देण्याची एक पद्धत आहे. क्लेमचा हक्क पॉलिसीतून येतो आणि तो कॅशलेस रद्द झाल्याने संपत नाही. तुमच्या मेसेजचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक त्यात ‘रिइम्बर्समेंटसाठी कागदपत्रे सादर करावीत’ असं काहीतरी असेल. तो नकार नाही, ‘दुसऱ्या दाराने या’, म्हणजे तुम्ही भरलेले पैसे कागद देऊन परत मागा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ती ६० हजारांची मंजुरी होती तरी काय? पेशंट भरती होताना हॉस्पिटल एक अंदाज पाठवतं: काय झालंय, काय करणार, किती दिवस, किती खर्च. त्यावर टीपीए हॉस्पिटलला सांगते की एवढ्या रकमेपर्यंत आमची हमी. ही हमी हॉस्पिटलला असते, तीही त्या उपचारांच्या आराखड्यापुरती. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने अंतिम बिल आणि समरी पाठवायची, ती पाहून अंतिम मंजुरी द्यायची, असा क्रम आहे. २०२४ च्या मे महिन्यात विमा नियामक आयआरडीएआयने जे मास्टर सर्क्युलर काढलं, त्यात पहिल्या मंजुरीचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असं ठरवून दिलं आहे. तुमच्या बाबतीत आराखडा मध्येच बदलला. हॉस्पिटल स्टेंटची तयारी करत होतं आणि पेशंट निघाला. अशा वेळी टीपीएतल्या डॉक्टरसमोर अर्धवट समरी, ‘लामा’ हा शब्द आणि घाईत बनवलेलं बिल येतं. त्याला शंका विचारत बसायला वेळ नसतो, कारण घरचे काउंटरवर उभे असतात आणि अ‍ॅम्ब्युलन्स खाली थांबलेली असते. मग सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे कॅशलेस मागे घेणं आणि कागद नंतर निवांत तपासणं. कित्येक मंजुरीपत्रांत ‘पेशंट वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेल्यास ही मंजुरी रद्द समजावी’ अशी अटही छापलेली असते. शिवाय भरतीच्या वेळी तुम्ही जो कॅशलेसचा फॉर्म भरलात, त्यात विमा कंपनीने पैसे दिले नाहीत तर बिल मी भरेन, असं तुमच्याकडून लिहून घेतलेलं असतं. त्यामुळे त्या संध्याकाळी हॉस्पिटलने पूर्ण बिल मागितलं, यात त्यांचं काही चुकलं नाही.

आता सहीचं. ‘लामा’चा फॉर्म (काही ठिकाणी त्याला ‘डामा’ म्हणतात, गोष्ट तीच) हा तुमच्यात आणि हॉस्पिटलमध्ये झालेला कागद आहे. आम्ही धोका समजावून सांगितला होता, तरी नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत, पुढे काही झालं तर आमच्याकडे बोट दाखवू नये, एवढंच तो म्हणतो. काही हॉस्पिटलं त्यात ‘विमा नाकारला गेल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी ओळ टाकतात. ती हॉस्पिटलने स्वतःसाठी टाकलेली असते. तुमचा आणि विमा कंपनीचा करार त्या ओळीने बदलत नाही. पैसे नाकारायचे तर कंपनीला पॉलिसीतलंच कलम दाखवावं लागतं. आरोग्य विम्यात प्रत्येक कंपनीने एकाच भाषेत छापायच्या ज्या वगळण्या आहेत, त्या Code-Excl01 पासून Code-Excl18 पर्यंत आहेत. त्यांत ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ असं कलम नाही. पण त्याखाली कंपन्या स्वतःची अशी एक यादी जोडतात आणि काही जणांनी तिथे हा मुद्दा घातलेला असतो. म्हणून आज रात्री पॉलिसीचं पुस्तक काढा. चार पानी ब्रोशर किंवा सर्टिफिकेट नको, पूर्ण पुस्तक हवं. त्यातली वगळण्यांची दोन-तीन पानं बोट ठेवून वाचा. तिथे असं काही नसेल तर ‘लामा’ हा एकटा शब्द नकाराचं कारण होऊ शकत नाही.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात ‘लामा’चे क्लेम ‘लामा’मुळे फारसे पडत नाहीत. त्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या दोन कलमांमुळे पडतात.

एक म्हणजे २४ तास. भरती सलग २४ तासांची हवी, डे-केअरमध्ये मोडणारे उपचार सोडून. संध्याकाळी भरती करून सकाळी घाबरून बाहेर पडलेल्यांचे क्लेम इथे जातात. तुमचे सोमवार रात्री ११ ते बुधवार संध्याकाळी ७ म्हणजे ४४ तास होतात, तेव्हा ही भीती नाही. फक्त समरीवर भरतीची आणि सुटीची वेळ दोन्ही नीट लिहिलेल्या आहेत ना, ते पाहा. रात्री १२ नंतर फाइल बनली म्हणून तारीख मंगळवारची पडली असेल, तरी २४ तास भरतात, पण केसपेपरवर एक वेळ आणि बिलावर दुसरी असेल तर शंका निघतेच.

दुसरं कलम Code-Excl04, आणि तुमचं खरं काम इथे आहे. निव्वळ तपासण्या आणि निदान यांसाठीच झालेली भरती देय नाही, असं ते सांगतं. आता टीपीएतल्या माणसाच्या नजरेने तुमची फाइल बघा. पेशंट आला, ईसीजी, रक्त, इको, अँजिओग्राफी झाली, स्टेंटला नकार दिला, निघून गेला. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, हे अँजिओग्राफी करून घ्यायला आले होते. प्रत्यक्षात तुमचे वडील छातीत दुखतं म्हणून रात्री इमर्जन्सीत आले होते आणि त्यांना आयसीसीयूत ठेवावं लागलं. तिथे हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी ट्रोपोनिनची तपासणी झाली असणार, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं चालू असणार, मॉनिटर लावलेला असणार. हे उपचार आहेत, तपासणी नव्हे. पण ते समरीत दिसलं पाहिजे. आणि ‘लामा’च्या समऱ्या मी पाहिल्यात. रात्रपाळीचा आरएमओ पाच ओळींत उरकतो, त्यातल्या तीन ओळी ‘नातेवाइकांना धोका समजावून सांगितला’ याच असतात.

म्हणून उद्याच साताऱ्याला एक माणूस पाठवा. समरी मिळाली नसेल तर मागा. सल्ल्याविरुद्ध गेलेल्या पेशंटलाही डिस्चार्ज समरी द्यावी, असं हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांतच आहे, त्यामुळे ‘लामाला समरी मिळत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. तिच्यासोबत इनडोअर केसपेपरच्या साक्षांकित प्रती मागा. त्यात रोजच्या औषधांचा तक्ता आणि नर्सिंग चार्ट असतो, आणि इंजेक्शन कधी कुठलं दिलं याचा पुरावा तिथेच मिळतो. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रेकॉर्ड मागितल्यावर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचं, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट दोन्ही घ्या, पुण्याच्या सर्जनलाही ते लागतीलच.

मग त्या डॉक्टरांना भेटा. चिडून जाऊ नका, तेही दुखावलेले असतात. त्यांच्याकडून लेटरहेडवर एक छोटं पत्र मागा: पेशंट कुठल्या अवस्थेत आला, भरती का गरजेची होती, कुठले उपचार दिले, जाताना स्थिती कशी होती आणि नातेवाइकांनी पुढच्या उपचारासाठी दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं. यातलं सगळं खरं आहे, त्यामुळे बहुतेक डॉक्टर देतात. मात्र ‘लामा काढून नॉर्मल डिस्चार्ज लिहा’ असं कोणालाही सांगू नका, कोणी ओळखीचा करून देतो म्हणाला तरी. टीपीए केसपेपर थेट हॉस्पिटलमधून मागवते. दोन कागदांवर दोन प्रकारचे डिस्चार्ज दिसले की साधा क्लेम फसवणुकीच्या खात्यात जातो, आणि तिथून तो परत आणणं फार कठीण असतं.

समरी हातात आली की आजाराच्या इतिहासाच्या दोन ओळी तिथल्या तिथे वाचा. घाईत ‘दहा वर्षांपासून बीपी’ असं कोणी ठोकून दिलेलं असतं आणि प्रत्यक्षात गोळी दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते. पॉलिसी घेताना तुम्ही जे सांगितलं त्याच्याशी हे जुळत नसेल, तर विमा कंपनी ‘लामा’ विसरून त्याच ओळीला धरून बसेल. चूक असेल तर डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्ती करून घ्या, आणि ती खरी चूक असेल तरच.

रिइम्बर्समेंटचा फॉर्म दोन भागांत येतो. पार्ट ए तुम्ही भरायचा, पार्ट बी हॉस्पिटलने भरून शिक्का मारायचा. गंमत बघा, पार्ट बीमध्ये ‘डिस्चार्जच्या वेळची स्थिती’ असा जो रकाना आहे, त्यात घरी पाठवलं, दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवलं आणि मृत्यू असे तीनच पर्याय असतात. ‘लामा’साठी चौकटच नाही. तुमच्या बाबतीत वडील साताऱ्याहून सरळ पुण्याच्या हॉस्पिटलला गेले असतील तर दुसरा पर्याय बरोबर आहे, एक रात्र घरी थांबले असतील तर पहिला. जे झालं तेच लिहायला सांगा. सोबत तपशीलवार बिल, सगळ्या पावत्या (२५ हजारांच्या डिपॉझिटची वेगळी पावती विसरू नका, ती बरेच जण विसरतात), औषधांची बिलं आणि चिठ्ठ्या, टीपीएचा कॅशलेस रद्दचा मेसेज आणि रद्द केलेला चेक. वर स्वतःचं एक पानाचं पत्र जोडा: वडिलांना का हलवलं ते चार वाक्यांत. ‘दुसरं मत घ्यायचं होतं, पुण्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली’ हे कारण भक्कम आहे, कारण पुण्याच्या कागदांनी त्याला दुजोरा मिळतो. बहुतेक पॉलिसींत कागद देण्याची मुदत डिस्चार्जपासून ३० दिवस असते. बायपासच्या धावपळीत ती निसटते, म्हणून कॅलेंडरवर खूण करा आणि क्लेमची सूचना तर आजच ॲपवर किंवा ईमेलने देऊन टाका.

आता पुणे. तिथली टीपीए साताऱ्याची समरी मागते आहे, हे चांगलं लक्षण माना. बायपास का हवी, हे तिला त्या अँजिओग्राफीवरूनच कळणार. समरी लपवू नका, ‘हरवली’ म्हणू नका. पुण्याच्या इन्शुरन्स डेस्कला सांगा की कॅशलेसच्या फॉर्मवर ‘आधी अमुक तारखांना दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये भरती, तिथे अँजिओग्राफी’ असं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. बायपास ही नव्याने ठरलेली शस्त्रक्रिया आहे, तिला तिचं स्वतःचं वैद्यकीय कारण आहे. ‘पेशंट आधी पळून गेला होता’ हे तिला नकार देण्याचं कारण होत नाही. आज शुक्रवार. समरी आणि सीडी सोमवारी दुपारपर्यंत अपलोड झाली तर मंगळवारी शंका आल्या तरी उत्तर द्यायला वेळ उरेल.

पण पैशांचं गणित मात्र आधीच मांडून ठेवा, कारण ५ लाख दोन्हीकडे पुरवायचे आहेत. साताऱ्याच्या १,१२,४०० मध्ये हातमोजे, फाइल चार्जेस, रजिस्ट्रेशन असल्या न मिळणाऱ्या गोष्टी समजा ७,९०० च्या निघाल्या. उरले १,०४,५००. बायपासचे ३,६०,००० धरले तर दोन्ही मिळून ४,६४,५००, म्हणजे ३५,५०० शिल्लक राहतात. ठीक. पण पॅकेज म्हणजे सगळं नीट झालं तरचा आकडा. आयसीयूत दोन-तीन दिवस जास्त गेले आणि बिल ४,३०,००० झालं, तर? कॅशलेस आधी फेडली जाते, रिइम्बर्समेंट नंतर येते. म्हणजे पुण्याला ४,३०,००० गेल्यावर साताऱ्यासाठी ७०,००० उरतील आणि तुमचे ३४,५०० खिशातून जातील. ते ‘लामा’मुळे गेले असं तेव्हा वाटेल, पण ते रक्कम संपल्यामुळे गेलेले असतील.

इथे पॉलिसीत दोन गोष्टी शोधा. एक, जमा झालेला बोनस, तो ५ लाखांच्या वर मिळतो. दुसरी, रिस्टोरेशन म्हणजे रक्कम संपल्यावर ती पुन्हा भरून देणारी सोय. तिच्यावर भरवसा ठेवण्याआधी बारीक अक्षर वाचा. आधीच्या हॉस्पिटलच्या शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांत तोच आजार पुन्हा आला, तर पॉलिसीच्या भाषेत तो ‘एकच आजार’ धरला जातो. सातारा आणि पुणे ही तुमच्यासाठी दोन हॉस्पिटलं आहेत, कंपनीसाठी एक आजार. बऱ्याच पॉलिसींत रिस्टोरेशन त्याच आजारासाठी चालत नाही, काहींत चालतं. तुमच्या पॉलिसीत चालत असेल तर वरची सगळी काळजी मिटली.

समजा सगळं करूनही पहिल्या क्लेमला नकार आला. तेव्हा पत्रात कुठलं कलम लिहिलंय ते आधी पाहा. नुसतं ‘पेशंट सल्ल्याविरुद्ध गेला’ असेल आणि तुमच्या पुस्तकात तसं कलम नसेल, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक ओळ विचारा: कुठल्या कलमाखाली? नकाराबरोबर पॉलिसीतली नेमकी अट सांगणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि कंपनीच्या समितीने पाहिल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही, हेही त्या २०२४ च्या सर्क्युलरमध्ये आहे. Code-Excl04 लिहिलं असेल तर औषधांचा तक्ता, ट्रोपोनिन आणि डॉक्टरांचं पत्र पुन्हा पुढे ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर विमा लोकपाल. साताऱ्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते घेतात, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायचं असतं.

तुमच्या प्रश्नात एक राहिलं: सही करून चूक केली का. वडिलांना हलवणं बरोबर होतं की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही, ते हृदयरोगतज्ज्ञांचं काम. विम्याच्या बाजूने एवढंच म्हणेन की बुधवारी संध्याकाळी एक मधला रस्ता होता. डॉक्टरांना लेखी विचारता आलं असतं की पेशंट स्थिर झाल्यावर ‘पुढील उपचारासाठी पुण्याला पाठवत आहोत’ असा ट्रान्सफर डिस्चार्ज द्याल का, किंवा निदान ‘विनंतीवरून डिस्चार्ज’. डॉक्टरांना दोन दिवस हवे होते, त्यांतला एक जरी थांबता आला असता, तर अंतिम मंजुरीच्या तीन तासांची वाट पाहायलाही वेळ मिळाला असता. आणि समजा डॉक्टर ‘नाही’च म्हणाले असते, तर लामाचा फॉर्म आला असता, तसाच, पण त्यावर सही करताना ‘पुण्यात दुसऱ्या मतासाठी व उपचारासाठी नेत आहोत’ ही ओळ स्वतःच्या हाताने लिहिता आली असती. त्या फॉर्मची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर उद्या साताऱ्याला जाणाऱ्या माणसाला तीही आणायला सांगा.